शेताच्या कंपाउंडचं कोटेशन कसं काढायचं? परिमिती, रनिंग फुटाचा दर आणि एक गेट



चेनलिंक जाळीच्या कंपाउंडवरचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल, तर हिशोबाचा भाग त्यात घाईत झाला हे तुमच्या लक्षात आलं असेल. आकडे ऐकून समजत नाहीत, कागदावर मांडून समजतात. म्हणून आज तोच हिशोब इथे सावकाश करू. कंपाउंडची कामं घेणाऱ्यांना हा लेख जास्त उपयोगी पडेल. पण स्वतःच्या शेताला कंपाउंड करणाऱ्यांनीही वाचा, कारण समोरच्याने दिलेला दर कशाचा बनलाय हे तुम्हाला कळायलाच हवं.

फोन येतो तो बहुतेक वेळा असा: "भाऊ, एक एकर रान आहे, कंपाउंडला किती लागतील?" आणि आपण पटकन म्हणतो, "फुटाला १६० पडेल बघा." या एका वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे, एक एकर म्हटलं की फूट किती ते कळलं. दुसरी म्हणजे, १६० हा दर कुठल्याही शेताला चालतो. दोन्ही चुकीच्या आहेत. कुठे आणि किती चुकतात, ते बघू.

एकरावरून फूट कळत नाहीत

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ बाय ३३ फुटांचा चौकोन. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता तोच एकर तीन आकारांत बघा.

शेत अगदी चौरस असेल, तर एक बाजू साधारण २०९ फूट येते आणि चारही बाजू मिळून ८३५ फूट होतात. तेच शेत १३२ बाय ३३० असेल, तर परिमिती ९२४ फूट. आणि भावाभावांत उभ्या वाटण्या होऊन पट्टा ६६ बाय ६६० झाला असेल, तर १,४५२ फूट. तिन्ही शेतं बरोबर एक एकरच आहेत. पण पहिल्यापेक्षा तिसऱ्याला ६०० फुटांहून जास्त कंपाउंड लागतं. १६० च्या दराने हा फरक जवळपास एक लाख रुपयांचा आहे.

सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये क्षेत्र असतं, बाजूंची लांबी नसते. त्यामुळे सातबारा बघून कोटेशन देता येत नाही. गट नकाशावरून आकाराचा अंदाज येतो, तो फोनवर बोलण्यापुरता ठीक आहे. मोबाईलवर नकाशात चार टोकं टाकून मोजलं तरी अंदाजच मिळतो, कारण फोनचा जीपीएस प्रत्येक टोकाला काही मीटर इकडेतिकडे जाऊ शकतो. बिल करायचं ते टेपने मोजूनच. आणि टेप जिथे कंपाउंड उभं राहणार त्या रेषेवर धरायचा, बांधाच्या मधोमध नाही. चारही बाजूंनी एकेक फूट आत सरकलं, तर चौकोनी शेताची परिमिती ८ फुटांनी कमी होते. फार नाही, पण बिलाच्या वेळी याच ८ फुटांवरून वाद होतो.

हद्दीबद्दल एकच सांगतो. शेजाऱ्याशी बांधावरून कुरबुर असेल, तर खड्डे पाडायच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झालेली असू द्या, किंवा मालकाला लेखी देऊ द्या की रेषा त्याने दाखवली आहे. रोवलेला सिमेंटचा खांब काढायला लावला, तर तो खर्च तुमच्या अंगावर येतो.

आपलं उदाहरण

एक खरंखुरं वाटेल असं शेत घेऊ. काटकोन नसलेलं, कारण शेतं तशीच असतात. रस्त्याकडची पूर्व बाजू १२६ फूट, दक्षिण ३३८, पश्चिम १३४, उत्तर ३३०. बेरीज ९२८ फूट. क्षेत्र जवळपास ४० गुंठे. रस्त्याच्या बाजूला १२ फुटांचं एक गेट, कोपऱ्यापासून ३० फुटांवर.

गेटच्या जागी जाळी नाही, म्हणून कंपाउंडची लांबी ९२८ वजा १२, म्हणजे ९१६ फूट. हा आकडा लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागणार आहे.

कामाचं स्वरूप असं: ७ फुटी सिमेंट खांब, त्यातले २ फूट जमिनीत. ४ फूट उंचीची चेनलिंक जाळी, १२ गेज, ३ इंची चौकट. वर काटेरी तारेच्या दोन ओळी. दर ८ फुटांना खांब.

खांब मोजताना होणारी गडबड

बहुतेक जण ९२८ भागिले ८ करतात, ११६ उत्तर येतं आणि ११६ खांबांची ऑर्डर जाते. मग शेवटच्या दिवशी खांब कमी पडतात, आणि दहा-वीस खांबांसाठी पुन्हा गाडी करावी लागते.

खांब बाजूनिहाय मोजायचे. दोन खांबांमधल्या जागेला आपण गाळा म्हणू. दक्षिणेच्या ३३८ फुटांत ८ फुटांचे ४२ गाळे बसतात आणि २ फूट उरतात. उरलेल्या तुकड्यालाही खांब लागतोच, म्हणून ४३ गाळे धरायचे. (प्रत्यक्षात सगळे गाळे थोडे थोडे कमी करून सारखे करून घ्यायचे, म्हणजे शेवटी दोन फुटांचा तुकडा दिसत नाही.) पश्चिमेला १७, उत्तरेला ४२. पूर्वेच्या बाजूचे गेटमुळे दोन तुकडे पडतात, ३० फूट आणि ८४ फूट, तिथे ४ आणि ११ गाळे. एकूण ११७ गाळे.

पूर्ण गोल कंपाउंड असतं, तर जितके गाळे तितकेच खांब लागले असते. गेटमुळे साखळी एका जागी तुटते, म्हणून एक खांब वाढतो: ११८. त्यातले दोन गेटचे खांब लोखंडी असतात, ते गेटच्या हिशोबात जातील. राहिले ११६ सिमेंट खांब.

इथपर्यंत पहिल्यासारखाच ११६ आकडा आला, म्हणून "बघा, बरोबरच होतं ना" असं वाटेल. पण अजून टेके मोजायचे आहेत. ताणलेली जाळी कोपऱ्यातल्या खांबाला आत ओढते, म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दोन बाजूंनी तिरके टेके द्यावे लागतात. चार कोपऱ्यांचे ८. गेटच्या दोन्ही बाजूंना एकेक, ते २. आणि लांब बाजूंवर साधारण ११०-१२० फुटांवर एका खांबाला दोन्हीकडून टेका द्यायचा, नाहीतर मधली जाळी सैल पडते. दक्षिण आणि उत्तरेला असे दोन-दोन खांब, म्हणजे ८ टेके. एकूण १८. टेक्यालाही सिमेंटचा खांबच वापरतात. ११६ आणि १८ मिळून १३४. चढवता-उतरवताना फुटतात, म्हणून ४ जास्त. ऑर्डर १३८ खांबांची.

म्हणजे भागाकार करून आलेल्या आकड्यापेक्षा २२ खांब जास्त. २८० रुपयांनी हे ६,१६० रुपये होतात. ते दरात धरले नसतील, तर तुमच्या खिशातून जातात.

खर्चाची बेरीज

खालचे भाव उदाहरणापुरते आहेत. लोखंडाचा भाव हलतो आणि गावागणिक मजुरी बदलते. तुम्ही तुमच्या बाजारातले भाव टाका, पद्धत हीच ठेवा.

१. खांब: १३८ × २८० (रस्त्यापर्यंत पोहोच) = ३८,६४० रुपये

२. जाळी: ५० फुटी बंडलं १९, म्हणजे ९५० फूट. फुटाला साधारण ०.४५ किलो धरून ४२७.५ किलो × ९० = ३८,४७५ रुपये

३. काटेरी तार: दोन ओळी, ताण आणि गुंडाळा धरून १,९०० फूट. किलोला २२ फूट धरून ८७ किलो × ९० = ७,८३० रुपये

४. जाळी ओवायची आडवी तार तीन ओळी आणि बांधायची तार: ४२ किलो × ९० = ३,७८० रुपये

५. खड्ड्यातलं काँक्रीट: १३४ खड्डे × ९० = १२,०६० रुपये

६. मजुरी (खड्डे, खांब, जाळी, तार): ९१६ फूट × २५ = २२,९०० रुपये

७. रस्त्यापासून शेतात ट्रॅक्टरने वाहतूक: ४,००० रुपये

एकूण १,२७,६८५ रुपये. ९१६ ने भागलं तर फुटाला १३९ रुपये. हा तुमचा घरचा खर्च झाला. त्यावर तुमचं येणं-जाणं, फोन, हत्यारांची झीज, तुमचा स्वतःचा पगार आणि नफा यासाठी १५ टक्के धरले, तर १६० रुपये फूट होतात. आता या १६० ला काहीतरी आधार आहे.

सातव्या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. ४ बाय ४ इंची ७ फुटी खांब एक पन्नास किलोच्या आसपास भरतो. १३८ खांब म्हणजे सात टनांच्या जवळपास माल. पोहोच भाव हा गाडी जाते तिथपर्यंतचा असतो. पुढे वाट नसेल किंवा रान ओलं असेल, तर ट्रॅक्टरच्या खेपा वाढतात. साइट बघायला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: गाडी कुठपर्यंत येते?

गेट वेगळं का लिहायचं

१२ फुटी दोन पाल्यांचं पाइप आणि जाळीचं गेट, दोन लोखंडी खांबांसकट, वजनावर बनतं. समजा पाले आणि खांब मिळून १३५ किलो झाले आणि फॅब्रिकेशनवाल्याचा भाव रंगासकट ११० रुपये किलो आहे, तर १४,८५० रुपये. गेटच्या खांबांचे खड्डे मोठे आणि खोल घ्यावे लागतात, त्यांचं काँक्रीट आणि मजुरी २,५००. बिजागरी, कडी, जमिनीतली खिट्टी १,५००. वाहतूक १,०००. एकूण १९,८५०. १५ टक्के धरून २२,८०० रुपये.

कोटेशन असं होईल:

कंपाउंड ९१६ फूट × १६० = १,४६,५६० रुपये
गेट १२ फूट, १ नग = २२,८०० रुपये
एकूण = १,६९,३६० रुपये

आता ग्राहक काय म्हणतो? "दादा, ९२८ फूट पूर्ण धरा, गेटचे फूट पण धरा, पण गेट त्यातच बसवून द्या." ऐकायला बरं वाटतं, कारण तो १२ फूट जास्त द्यायला तयार आहे. हिशोब करा. ९२८ × १६० म्हणजे १,४८,४८०. तुमचा खर्च कंपाउंडचा १,२७,६८५ आणि गेटचा १९,८५०, मिळून १,४७,५३५. हातात राहिले ९४५ रुपये. आठवडाभराचं काम, गडी सांभाळायचे, खांब फुटला तर तुमचा, आणि कमाई हजाराच्या आत.

नकार देताना भांडायची गरज नाही. "गेट साधं की भारी, १२ फुटी की १६ फुटी, हे तुम्ही ठरवणार, म्हणून त्याची किंमत वेगळी दाखवलीय. तुम्हाला नको असेल, तर ती ओळ काढता येईल." हे कोणालाही पटतं, कारण खरंच आहे.

रुंदीही त्याच वेळी ठरवून घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉलीला सरळ आत जायला १२ फूट पुरतात. पण समोरची वाट अरुंद असेल, तर ट्रॉली वळवून आत घालताना मागचं चाक गेटच्या खांबाला घासतं. अशा ठिकाणी गेट रुंद घ्या किंवा रस्त्यापासून थोडं आत बसवा. आत बसवलं की दोन्ही बाजूंचे तुकडे वाढतात, ते फुटांत मोजायचे. हार्वेस्टर येणार असेल, तर त्याच्या पुढच्या कटरची रुंदी विचारल्याशिवाय गेट बनवायला टाकू नका.

तोच दर छोट्या प्लॉटला का चालत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पुढच्या आठवड्यात तुम्हाला १० गुंठ्यांचं काम येतं. फार्महाऊससाठी घेतलेला प्लॉट, ६६ बाय १६५ फूट. परिमिती ४६२, गेट १२ फूट मध्यभागी, कंपाउंड ४५० फूट. तुम्ही म्हणता, "गेल्या वेळी १६० ने केलं, इथेही १६०."

मोजा. गेटच्या बाजूला २७ फुटांचे दोन तुकडे, ४ आणि ४ गाळे. समोर ९. लांब बाजूंना २१ आणि २१. एकूण ५९ गाळे, ६० खांब, त्यातले २ गेटचे. सिमेंटचे ५८. टेके: कोपरे तितकेच चार, म्हणून ८. गेटचे तेच २. लांब बाजूंना एकेका खांबाला दोन, ते ४. टेके झाले १४. म्हणजे ७२ खड्डे, आणि फुटीचे ३ धरून ७५ खांब.

काय झालं बघा. लांबी निम्म्याहून कमी झाली, पण कोपरे चारच राहिले आणि गेट एकच राहिलं. एकराच्या कामात १०० फुटांना १५ खांब पडत होते, इथे १६-१७ पडतात.

खर्च: खांब २१,०००. जाळी ४५० फूटच लागते, पण कोपऱ्यांवर आणि गेटच्या खांबांना थोडी जास्त जाते, म्हणून ९ ऐवजी १० बंडलं, २०,२५०. काटेरी तार ३,८७०. आडवी तार १,८९०. काँक्रीट ६,४८०. मजुरी ११,२५०. ट्रॅक्टर ३,०००, कारण काम निम्मं झालं म्हणून ट्रॅक्टर निम्म्यात येत नाही. एकूण ६७,७४० रुपये. ४५० ने भागलं तर फुटाला साधारण १५०.५०.

म्हणजे घरचा खर्चच फुटाला ११ रुपयांनी वाढला. १६० ने तुम्हाला ७२,००० मिळतील आणि ४,२६० उरतील, म्हणजे खर्चावर ६ टक्के. तेच १५ टक्के हवे असतील, तर दर १७३ हवा.

आणि गेट? तेच २२,८०० चं गेट एकराच्या कामात फुटाला २५ रुपये पडतं, १० गुंठ्यांच्या कामात ५१ रुपये. "गेटसकट फुटाला अमुक" असा एकच दर सांगणारा माणूस मोठ्या कामात महाग ठरून काम घालवतो आणि छोट्या कामात स्वस्त ठरून पैसे घालवतो. म्हणून दर डोक्यात ठेवायचा नाही, हिशोबाचा कागद जवळ ठेवायचा.

"शेजारच्या गावचा १४० ने करतोय"

हे तुम्हाला ऐकावं लागणारच. लगेच दर पाडू नका. आधी विचारा: जाळी किती गेज? खांब किती फुटांवर? काँक्रीट सगळ्या खड्ड्यांत की फक्त कोपऱ्यांना? कारण २० रुपये कुठून तरी कमी झालेले असतात.

गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. १० गेज तार ३.२५ मिलीमीटरची, १२ गेज २.६४ ची, १४ गेज २.०३ ची. फरक अर्ध्या मिलीमीटरचा वाटतो. पण तारेचं वजन जाडीच्या वर्गाने बदलतं. १४ गेजची जाळी १२ गेजच्या सुमारे ५९ टक्केच वजनाची असते. आपल्या एकराच्या कामात जाळीचे ३८,४७५ रुपये १४ गेजमध्ये २२,७०० च्या आसपास येतात. फुटाला १७ रुपये तिथेच वाचले. उरलेले तीन रुपये खांब १० फुटांवर टाकून सहज निघतात.

ओळखायचं कसं? बंडलाचं वजन करा. ४ फूट उंच, ५० फूट लांब, ३ इंची चौकटीचं १२ गेजचं बंडल २२ किलोच्या आसपास भरतं. १४ गेजचं १३ किलोच्या. उचलताच कळतं. चौकटही मोजा, कारण ३ इंचीऐवजी २ इंची जाळी घेतली, तर त्याच गेजला वजन दीडपट होतं. म्हणून दोन कोटेशनची तुलना फुटाच्या दरावर न करता, फुटाला किती किलो जाळी मिळते यावर करायची. ग्राहकासमोर ताणकाट्यावर बंडल लटकवून दाखवलंत, की १४० च्या दराचं उत्तर आपोआप मिळतं.

१४ गेज वाईटच असं नाही. कोंबड्या-कुत्र्यांपुरती हद्द हवी असेल, तर ती चालते. जिथे रानडुक्कर खालून नाक घालून जाळी उचलतं तिथे ती वाकते. अशा भागात १० किंवा १२ गेज, आणि खालची आडवी तार प्रत्येक खांबाला ताणून बांधलेली हवी. माकडांना मात्र यातली कुठलीच जाळी अडवत नाही, ते आधीच सांगून टाका.

काळ्या रानात काँक्रीट वाचवू नका

मुरमाड जमिनीत मधल्या खांबांना दगड-माती ठोकूनही चालून जातं. काळ्या जमिनीत चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खांबाभोवतीची माती दरवर्षी सुटते आणि एक-दोन पावसाळ्यांत खांब कलतात. कललेला खांब जाळी सैल सोडतो, सैल जाळी जनावरं दाबतात, आणि मग फोन तुम्हालाच येतो.

आपण १३४ खड्डे ९० रुपयांनी धरले ते म्हणून. काम बघायला गेलात की मातीचं ढेकूळ हातात घ्या. काळं रान असेल, तर ही ओळ पूर्ण ठेवा. मुरूम असेल, तर फक्त कोपरे, टेके आणि टेके दिलेले खांब काँक्रीटमध्ये घेऊन दर थोडा कमी करता येईल. दर कमी करायची ही योग्य जागा आहे. जाळी पातळ करणं ही नाही. काँक्रीट भरल्यावर जाळी लगेच त्याच दिवशी ताणू नका. कोपऱ्यांचे खांब निदान चार-पाच दिवस धरू द्या, नाहीतर ताण देताच ते आत झुकतात आणि मग सरळ होत नाहीत.

कोटेशनवर काय लिहायचं

तीन ओळी वेगळ्या लिहा. कंपाउंड किती फूट आणि दर किती. गेट किती फुटी, कसलं, किंमत किती. काळं रान, चढ किंवा लांब वाहतूक असं काही असेल, तर त्याचा वेगळा आकडा. त्याखाली गेज, चौकट, खांबाची उंची, दोन खांबांतलं अंतर आणि टेके किती ते लिहा. आणि हे वाक्य नक्की टाका: "अंतिम बिल काम झाल्यावर मालकासमोर टेपने मोजलेल्या लांबीवर होईल. लांबीत गेटची रुंदी धरलेली नाही."

ॲडव्हान्स ठरवताना हाच कागद कामाला येतो. आपल्या उदाहरणात खांब आणि जाळीचेच ७७,११५ रुपये पहिल्या दोन दिवसांत जातात. कोटेशनची निम्मी रक्कम, म्हणजे साधारण ८४,७०० रुपये आधी घेतली, तर माल ग्राहकाच्या पैशातून येतो. खांब रोवून झाल्यावर दुसरा हप्ता, आणि गेट बसवून मोजणी झाल्यावर शेवटचा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. ६६ बाय ६६० फुटांच्या पट्ट्याचा हिशोब याच पद्धतीने करा. गेट ६६ फुटांच्या एका बाजूला मध्यभागी, १२ फुटी. गाळे, खांब, टेके आणि फुटाचा घरचा खर्च काढा. तो १३९ पेक्षा कमी येतो की जास्त, आणि का, हे कमेंटमध्ये आकड्यांसकट लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण त्यातलीच दोन उत्तरं फळ्यावर सोडवून बघू.